पहिलीच्या बाकावर बसता येईल असं काही

पहिलीच्या वर्गातलं बाक जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच असतं. घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण दीड फूट. हा अर्ध्या फुटाचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही, पण पालकसभेच्या दिवशी मी तो वीसेक वर्षं समोरून पाहिला आहे. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे आई किंवा बाबा, आणि बसायला त्यांच्याच लेकराची जागा. इतकं खाली बसलं की गुडघे कंबरेच्या वर येतात. कुर्ता मांडीवरून सरकतो, पँट मागून खाली उतरते, पदर पुढे घसरतो. मी सांगत असते, “वजाबाकीत हातचा घ्यायला विसरतो हो,” आणि समोरची आई एका हाताने गळा, दुसऱ्या हाताने कुर्त्याचा कट धरून नुसती मान हलवत असते. तिच्या कानावर काय पडलं असेल ते देवच जाणे.

शाळेत काय घालून जावं, असं कुणी विचारलं की “साधं आणि नीटनेटकं” हे उत्तर ठरलेलं असतं. त्यात चूक काही नाही. फक्त ते उभ्या माणसाकडे पाहून दिलेलं असतं, आणि शाळेत गेलेला पालक निवांत उभा असा फारसा राहतच नाही. तो स्कूटरवरून उतरतो, दोन जिने चढतो, बाकावर दुमडून बसतो, वाकून हजेरीपटावर सही करतो आणि परत येताना पेंगुळलेलं धाकटं कडेवर घेतो. साधासुधा कुर्ता यातल्या प्रत्येक ठिकाणी दगा देऊ शकतो, आणि काठापदराची साडी नीट नेसली असेल तर कुठेच देत नाही.

गेल्या डिसेंबरात नाशिकहून माझ्या भाचीचा फोन आला. तिचा धाकटा पहिलीत, थोरली पाचवीत. “मावशी, शनिवारी सकाळी ओपन हाऊस आहे आणि संध्याकाळी गॅदरिंग. काय घालू ते कळत नाहीये.” तिने दोन गोष्टी काढून ठेवल्या होत्या. सकाळसाठी ऑनलाइन मागवलेला कुर्ता आणि लेगिंग, संध्याकाळसाठी टिश्यूची नवी साडी. मी त्या आठवड्यात तिच्याकडे जाणारच होते. म्हटलं, “दोन्ही राहू देत. मी आले की बाथरूममधला प्लास्टिकचा स्टूल बाहेर काढ.”

तो आंघोळीचा स्टूल म्हणजे पहिलीचं बाकच. उंचीला जवळपास तेवढाच. कपाटाच्या आरशासमोर तो ठेवायचा, कपडे पूर्ण घालायचे, चप्पलसुद्धा, आणि बसायचं. पुढे वाकून मांडीवरच्या वहीत सही केल्यासारखं करायचं. मग उठून दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोबाइलने फोटो काढल्यासारखं करायचं. शेवटी घरातलं मूल उचलून कडेवर घ्यायचं. पाच मिनिटं लागतात. या पाच मिनिटांत ज्या जागी हात आपोआप कपड्याकडे गेला, तिथे काम आहे असं समजायचं.

भाचीचा हात पहिल्याच फेरीत कमरेकडे गेला. कुर्त्याचे बाजूचे कट फार वरून, जवळजवळ कमरेपासून सुरू होत होते. हल्ली तयार कुर्त्यांत हे सर्रास दिसतं. उभं असताना त्याने उंच आणि सडपातळ दिसायला होतं. खरं तर कट नितंबाच्या सगळ्यात रुंद भागापाशी किंवा किंचित खाली सुरू व्हायला हवा. त्याच्या वर सुरू झाला, की बसल्यावर पुढचा आणि मागचा भाग दोन दारांसारखे उघडतात, आणि खाली लेगिंग असली तर सगळं उघडच पडतं. अगदी गुडघ्याजवळ सुरू झाला तर जिना चढताना पाऊल अडतं, तेही वाईट. भाचीच्या कुर्त्याचे दोन्ही कट आम्ही हातशिलाईने अडीच-अडीच इंच खाली आणले आणि कट जिथे सुरू होतो तिथे आडवे चार घट्ट टाके घातले. ते टाके नसले की पहिल्याच जिन्यावर शिवण उसवायला लागते. लेगिंगच्या जागी तिचीच जुनी सरळ सुती पँट आली.

दुसरी गोष्ट घेराची. बसल्यावर नितंबाचा घेर इंच-दीड इंच वाढतो. ते मांस कुठून येत नाही, नुसतं पसरतं. शिंपी त्यासाठी लूजिंग ठेवतात. आपल्याला पाहायचं तर उभं राहून नितंबापाशी दोन्ही बाजूंना कापड चिमटीत धरावं. प्रत्येक बाजूला इंचभर आलं तर बसायला हरकत नाही. चिमटीत काहीच येत नसेल तर तो कुर्ता उभ्याने जेवायच्या लग्नासाठी ठेवावा.

तिसरी गोष्ट बाहीची, आणि ती उलटी आहे. काख जितकी खोल आणि सैल, तितका हात मोकळा असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात काखेची शिवण खाली उतरली, की हात वर नेताना ती शिवण सगळा कुर्ता बरोबर घेऊन वर जाते. काखेच्या अगदी जवळ बसलेल्या बाहीत हात वर जातो आणि कुर्ता जागेवर राहतो. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याच्या काखेत एक छोटा चौकोनी तुकडा जोडलेला असायचा, तो याच्याचसाठी. त्यात माणूस झाडावर चढला तरी सदरा कमरेला तसाच. आता काख बदलणं घरी होण्यासारखं काम नाही. त्यामुळे हात वर केल्यावर पोट दिसतंय असं लक्षात आलं, तर त्या दिवशी दुसरा कुर्ता काढावा, एवढंच.

गळ्याचं सांगायला हवं, कारण शिक्षकाच्या टेबलावर वाकायचं असतं. उभ्याने ठीक दिसणारा रुंद गळा वाकल्यावर पुढे लोंबतो. ओढणी हा त्यावरचा जुना इलाज, पण ती दोन्ही खांद्यांवर मोकळी सोडली तर ती सावरण्यातच अर्धा वेळ जातो. एका खांद्यावर पिन केली की बास. येता-जाता दुचाकीवर मात्र तिला गाठ मारून आत खोचायची. ओढणी किंवा पदर चाकात जाणं हा काही आईच्या काळजीचा विषय नाही फक्त. मोटार वाहनांच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असावं, असं सांगितलेलं आहे, आणि ते मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणूनच. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. बाइक स्टायलिश दिसावी म्हणून ते काढून ठेवणारे बाबा माझ्या ओळखीत आहेत.

संध्याकाळच्या साडीकडे आलो तेव्हा भाचीचा चेहरा पडलेला होता. तिला वाटलं, मी टिश्यू रद्दच करणार. मी तिला म्हटलं, “नेस तर खरं.” साडी सुंदर होती. गडबड आतल्या परकरात होती. गुडघ्याशी आवळत जाणारा, मासोळीच्या आकाराचा, ताणणारा तो परकर हल्ली साडीबरोबर दुकानदार आवर्जून देतात. साडी त्यावर चापून बसते, फोटो छान येतात. पण त्यात पाऊल एक फुटाच्या पुढे पडत नाही. त्याने जिना चढता येतो, नाही असं नाही, पण एकेक पायरी आणि कठडा धरून. खाली बसून मुलाच्या पायातले घुंगरू बांधायचे म्हटलं तर संपलंच.

म्हणून शाळेसाठी सहा कळ्यांचा सुती परकर. साडी सुतावर धरून राहते. सॅटिनवर निऱ्या हळूहळू खाली ओघळतात आणि दोन तासांनी पुढचा काठ टाचेखाली येतो. नाडी अरुंद असेल तर ती कमरेला काचते, मग आपण ती सैल बांधतो, आणि मग सगळंच सैल होतं. रुंद पट्टीची नाडी असावी. नेसताना त्या दिवशीची चप्पल घालूनच नेसावं आणि पुढचा काठ जमिनीपासून दोन बोटं वर ठेवावा. लग्नात आपण तो जमिनीला टेकवतो, कारण तिथे चालायचं कमी आणि मिरवायचं जास्त असतं. निऱ्या पाच-सहाच, जरा रुंद. पिन लावायची ती निऱ्यांच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूने, परकराला धरून, म्हणजे पाऊल मोठं पडलं तरी खाली निऱ्या उघडतात आणि वर सुटत नाहीत. गुडघ्याजवळ निऱ्या एकत्र पिन करण्याची एक पद्धत आहे. ती विसरून जावी, जिन्यावर फाटते.

पदराचं थोडं सविस्तर सांगते, कारण माझी स्वतःची फजिती तिथेच झालेली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, स्नेहसंमेलनाच्या तालमीत, माझा मोकळा पदर बाकाच्या वर आलेल्या खिळ्यात अडकला. मी उठले, पदर उठला नाही. पुढचं सांगत नाही. शाळेत पदर पट्ट्या घालून खांद्यावर पिन केलेला बरा. लांबी मागे गुडघ्यापर्यंत पुरेशी, म्हणजे मूल उचलताना तो पुढे घेऊन कमरेत खोचता येतो. पिन सरळ कापडात घुसवली की पातळ रेशमाचे, टिश्यूचे धागे तिच्या मागच्या वेटोळ्यात अडकून तुटतात. पिनेत आधी एक मणी किंवा कापडाची छोटी घडी ओवायची आणि मग ती साडीत लावायची. मणी वेटोळ्यापाशी जाऊन बसतो, कापड तिथवर पोचतच नाही. माझ्या आईच्या पिनांना कायम काळे मणी असत. मला लहानपणी ते नटण्यासाठी वाटायचे.

भाचीची टिश्यू या सगळ्यातून पास झाली असती, पण तिच्यात दुसरी खोड होती. गॅदरिंगला खुर्च्या प्लास्टिकच्या असतात. त्यांच्या पाठी आणि कडा जुन्या झाल्या की खरखरीत होतात, आणि टिश्यूचा धातूचा धागा तिथे लागलीच ओढला जातो. शिवाय नाच झाला की मुलं थेट विंगेतून आईकडे धावतात, गालांवर लाली, ओठांवर लिपस्टिक, अंगावर भाड्याच्या पोशाखाच्या टिकल्या. फिकट टिश्यूवर ते सगळं उमटतं. तिनेच मग कपाटातून गर्द जांभळी नारायणपेठ काढली. सुती, बारीक काठाची, पाच-सहा वर्षं वापरलेली. गर्द रंग आणि धुता येणारं सूत, गॅदरिंगला याहून जास्त काय लागतं? पैठणी नेसू नये असं मी म्हणत नाही. एखादीला वर्षातून तेवढीच संधी असते, नेसावी. पण मग तिने विंगेत मदतीला जायचं कबूल करू नये.

आणि शाल. मैदानावरचा कार्यक्रम सहाचा म्हणता सातला सुरू होतो, बक्षीस समारंभ आणि पाहुण्यांचं भाषण धरून दहा वाजतात. नाशिकची डिसेंबरातली रात्र बिनबाह्यांच्या ब्लाउजची नाही.

आता बाबा. बाबांच्या कपड्यांवर कुणी लिहीत नाही, कारण त्यांनी शर्ट-पँट घालायची असते हे ठरलेलं आहे. पण माझ्यासमोरच्या बाकावर सगळ्यात जास्त अवघडलेले तेच असत. शर्टाची खालची कड पाहा. ती दोन्ही बाजूंना गोलाई घेऊन मागेपुढे लांब असेल तर तो शर्ट आत खोचण्यासाठी शिवलेला आहे. सरळ कापलेली, बाजूला बारीक फट असलेली असेल तर तो बुशशर्ट, बाहेर सोडण्यासाठी. गोल कडेचा शर्ट बाहेर सोडला की गबाळा दिसतो. सरळ कडेचा खोचला की आखूडपणामुळे बसताना सुटून वर येतो. बाकावर बसायचं असेल तर मी बुशशर्टाच्या बाजूने आहे. इस्त्री केलेला, कॉलरचा, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट हा आपल्या हवेत पुरता अदबीचा पोशाख आहे.

पँटमध्ये पाहायचं ते आसन, म्हणजे कमरेच्या पट्ट्यापासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतची खोली. आखूड आसनाची जीन्स बसल्यावर मागून दोन-तीन इंच खाली येते. पट्टा आवळून फायदा नाही, कापडच कमी असतं. शिंप्याकडून शिवलेल्या जुन्या पँटी यात बिनचूक असत, कारण तो माणूस बसवून माप घ्यायचा. घरात तशी एखादी असेल तर तीच काढावी. आणि मोजे पाहून घ्यावेत. बालवाडीत आणि संगणकाच्या खोलीत बुटं बाहेर काढावी लागतात. भोकातून बाहेर आलेल्या अंगठ्यावर दुसरा पाय ठेवून बसलेले एक बँक मॅनेजर मला अजून आठवतात.

जीन्स चालते का, हा प्रश्न मात्र दरवर्षी येतो, आणि मार्च २०२४ नंतर जास्तच. तेव्हा राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता, शिक्षकांनी शर्ट आत खोचून पँट, जीन्स आणि टी-शर्ट नको. काही पालकांनी ते स्वतःलाही लावून घेतलं. त्या सूचना शिक्षकांसाठी आहेत, पालकांना लागू नाहीत. गडद रंगाची, न फाटलेली, पुरेशा आसनाची जीन्स आणि वर साधा कुर्ता घालून आलेल्या आईबद्दल स्टाफरूममध्ये कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. इंग्लंडमध्ये डार्लिंग्टनच्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने जानेवारी २०१६ मध्ये पालकांना पत्र पाठवून, पायजम्यात शाळेत येऊ नका, अशी विनंती केली होती. ते पत्र तिकडे फार गाजलं. आपल्याकडचा त्याचा भाऊ म्हणजे शनिवारी सकाळचा बर्मुडा. तो घालून येणाऱ्या बाबांना अपमान करायचा नसतो, सुटी आहे एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. पण समोरची बाई त्या दिवशी कामावर असते. आणि बाजूला उभा असलेला मुलगा तिसरी-चौथीतला असेल तर तो बाबांच्या उघड्या पोटऱ्यांकडे पाहतो, मग मित्रांच्या बाबांकडे पाहतो. ते पाहणं मी पाहिलेलं आहे.

याच्या नेमकी उलट गोष्ट कामाच्या कपड्यांची. एसटीचे कंडक्टर खाकीतच येत, ड्यूटी संपवून. एक आई मंडईतून यायची, हाताला कोथिंबिरीचा वास. एक गवंडीकाम करणारे बाबा वर्गाच्या दाराशीच थांबायचे, “बाई, बाकाला चुना लागंल,” म्हणून. मी त्यांच्यासाठी बाकावर वर्तमानपत्र पसरायला लागले, मग ते बसायला लागले. त्या कपड्यांत काही उणं आहे असं मला कधी वाटलं नाही. शाळेसाठी म्हणून नवं काही विकत घ्यावं, हे तर मुळीच नको. पावसाळ्यात पहिल्या घटक चाचणीनंतरच्या सभेला उलट जुनंच बरं. भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही, सुती साडीचा काठ चिखल पितो. त्या दिवशी एरवी नाक मुरडावं असं जॉर्जेटच कामाला येतं, अर्ध्या तासात कोरडं. पायात रबरी तळव्याचं काही असावं. शहाबादी फरशीचा ओला जिना चामडी तळव्याला क्षमा करत नाही.

तर शनिवारी भाची गेली. सकाळी टाके घातलेला कुर्ता आणि सुती पँट. घरी आल्यावर तिने मला सगळं सांगितलं, धाकटा ‘इ’ उलटी काढतो, डबा अर्धा परत आणतो, शेजारच्या मुलीशी फार बोलतो. हे सगळं तिच्या लक्षात राहिलं होतं. कपड्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, “अगं, विसरलेच मी काय घातलं होतं ते.”

संध्याकाळी मीही गेले. तिने पर्समध्ये मणी ओवलेल्या सहा पिना ठेवल्या होत्या, स्वतःसाठी. पाचव्या नाचाच्या आधी विंगेतून एक बाई घाईघाईने बाहेर आल्या आणि अंधारात विचारायला लागल्या, कुणाकडे पिन आहे का. भाचीने पदर कमरेत खोचला, तीन पायऱ्या चढून आत गेली आणि गुडघ्यावर बसून रामायणातल्या एका माकडाची शेपटी लावून आली. ते माकड तिचं नव्हतं. सहापैकी चार पिना तिथेच गेल्या.